अनुभव सांगा: कामाची पद्धत बदलताना 'तेच काय, नवं काय, कधीपासून' हे तुम्ही कसं कळवलं?

बिलवाला_कोल्हापूर

कारखान्यात, दवाखान्यात, दुकानात रोजची पद्धत बदलते तेव्हा माणसांना ती कळवावी लागते. तुम्ही ते कसं केलंत आणि कुठं फसलात, ते इथं लिहा. सुरुवात माझ्यापासून करतो, कारण मी चांगलाच फसलो होतो.

मी शिरोलीकडच्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं आणि आम्ही त्यात आलो. बिल आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बनवायचं, ते सरकारी पोर्टलला पाठवायचं, तिकडून आयआरएन म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड येतो, तो बिलावर छापायचा आणि मगच गाडी सोडायची. मला हे पंधरा दिवस आधीपासून पाठ होतं. मी बोर्डावर कागद लावला: "शासनाच्या अधिसूचनेनुसार दि. १ ऑगस्टपासून ई-इनव्हॉइसिंग प्रणाली लागू होत आहे. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी." खाली सही-शिक्का. आता वाचताना हसू येतं. 'संबंधित' म्हणजे कोण, तर डिस्पॅचची दोन पोरं, गेटवरचे मामा आणि ड्रायव्हर. चौघांपैकी एकालाही त्यातून काहीच कळलं नाही.

एक तारखेला मंगळवार होता. सकाळी दोन गाड्या गेटवर अडल्या. पहिलीत मशिनिंगला जॉबवर्कसाठी निघालेलं कास्टिंग होतं आणि त्यावर नुसतं चलन होतं. चलनाला आयआरएन लागतच नाही, पण मामांनी कुणाकडून तरी 'क्यूआर नाही तर गाडी नाही' एवढंच ऐकलं होतं. दुसरी गाडी आदल्या संध्याकाळी भरलेली, बिल ३१ जुलैचं. त्यालाही क्यूआर नको होता. पण डिस्पॅचच्या पोरानं घाबरून त्याच मालाचं एक तारखेचं नवं बिल काढलं आणि त्यावर क्यूआर घेतला. एका मालाची दोन बिलं झाली. ग्राहकाकडं जुनं बिल आधीच मेलनं गेलेलं.

दुपारी कागद फाडला आणि वहीच्या पानावर नव्यानं लिहिला:

"तेच राहील: बिल आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये. जॉबवर्कचं चलन पूर्वीसारखंच, त्याला क्यूआर नको. जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचं बिल पूर्वीसारखंच. ई-वे बिल लागतं तिथं लागेलच. बिल नंबरची पद्धत तीच.
नवं: जीएसटी नंबर असलेल्या पार्टीच्या विक्री बिलावर क्यूआर छापलेला असल्याशिवाय गाडी गेटबाहेर नाही.
कधीपासून: बिलावरची तारीख १ ऑगस्ट किंवा पुढची असेल तर. बिल ३१ जुलैचं असेल आणि गाडी आज निघत असेल, तर जुनीच पद्धत."

शेवटच्या ओळीनं गेटवरचं भांडण मिटलं. नुसतं 'एक तारखेपासून' म्हटलं की मामा बघणार भिंतीवरचं कॅलेंडर आणि पोरगा बघणार हातातला कागद. तारीख कशावरची बघायची, हे लिहिलं की दोघं एकच बघतात.

पण त्या कागदावर मी एक चूकही करून ठेवली होती. ती पुढं सांगतो, आधी तुम्ही लिहा.

साळुंकी

कागद फार लांब झाला हो. बदलतंय तेवढंच सांगावं, न बदलणाऱ्याची यादी कशाला? आमच्या ऑफिसात तीन ओळींच्या वरचं कुणी वाचत नाही. मी नेहमी एकच ओळ पाठवते आणि आजवर अडलेलं नाही.

बिलवाला_कोल्हापूर

लांबीचं पटलं. पण चलनाची ओळ नसती तर दुसऱ्या दिवशीही ती गाडी अडली असती. ज्या गोष्टीबद्दल 'हेही बदललं का?' असा प्रश्न येणार, तेवढीच 'तेच राहील'मध्ये घालायची. कॅन्टीनची वेळ तीच राहील, असं मी लिहिलं नाही.

रात्रपाळी

मी नाशिकला एका रुग्णालयात सिस्टर होते, आता निवृत्त. तारखेवरून आठवलं. आमच्याकडे ठरलं की इन्सुलिन, हेपरिन आणि पोटॅशियम क्लोराइड देण्याआधी दुसऱ्या सिस्टरनं डोस तपासून सही करायची. मेट्रननी लिहिलं, "१ तारखेपासून". रात्रपाळी रात्री ८ ते सकाळी ८. म्हणजे ३१ तारखेला रात्री आलेल्या मुलीची एक तारीख पाळीच्या मधोमध, बारा वाजता लागणार. रात्री दहाच्या इन्सुलिनला एक सही आणि पहाटे सहाच्या इन्सुलिनला दोन. तसंच झालं. सकाळी चार्ट बघणाऱ्या डॉक्टरांना वाटलं, रात्री दहाला कुणीतरी विसरलं. त्या मुलीला बोलणी बसली, तिची काही चूक नसताना.

पुढच्या वेळी मेट्रन पाळीचं नाव लिहायच्या: "१ तारखेच्या सकाळच्या ओव्हरपासून." ओव्हर म्हणजे एका पाळीनं पुढच्या पाळीला काम सोपवणं; ते घेतानाच नवी पद्धत सांगायची, म्हणजे सांगणारी आणि करणारी समोरासमोर असतात.

आणि 'तेच राहील'मध्ये त्यांनी एक वाक्य घातलं होतं, ते मला अजून आठवतं: "डोस देण्याची जबाबदारी ज्या सिस्टरचा पेशंट तिचीच." ते नसतं तर दुसरी सही करणारीला वाटलं असतं, आता माझीही मान अडकली, आणि कुणी सहीला पुढं आलंच नसतं.

किराणा_भुसार

माझं होलसेल दुकान आहे, उलाढाल दोन कोटींच्या आत. मला पण हे क्यूआरचं करावं लागणार का? सीए फोन उचलत नाही.

बिलवाला_कोल्हापूर

दादा, विषय जरा वेगळा चाललाय, पण सांगतो. २०१७-१८ पासून आजवर एकाही वर्षी पाच कोटींच्या वर गेला नसाल तर नाही. एकाच पॅनवर दुसऱ्या राज्यात धंदा असेल तर तोही त्यात धरायचा. तरी सीएंना विचाराच.

किराणा_भुसार

दुसऱ्या राज्यात काय, दुसऱ्या गल्लीतपण नाही. धन्यवाद.

टाइमऑफिस

चाकण भागात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी वीस वर्षं टाइम ऑफिस आणि नंतर एचआर बघितलं. माझा अनुभव 'तेच राहील' याच ओळीचा आहे, आणि वाईट आहे.

आमचं पंचिंग मुख्य गेटवर होतं. तिथली गर्दी आणि दुसऱ्याचं कार्ड मारण्याचे प्रकार थांबवायला मशीन शॉपच्या दारात नेलं. मी नोटीस लिहिली: "कामाच्या वेळेत कोणताही बदल नाही. फक्त पंचिंगची जागा बदलत आहे. सोमवारच्या पहिल्या पाळीपासून." मला वाटलं, तिन्ही गोष्टी आल्या, झकास.

गेटपासून शॉपपर्यंत चालत सहा मिनिटं. वाटेत कपडे बदलायची खोली. आधी माणूस सातला गेटवर पंच करून कपडे बदलून सव्वासातला मशीनवर जायचा. आता सातला कपडे बदलून शॉपच्या दारात हजर. म्हणजे घरून पंधरा मिनिटं आधी निघायचं. कंपनीची बस मात्र पूर्वीच्याच वेळेला सोडायची. युनियनच्या सेक्रेटरींनी माझ्याच नोटिशीवर बोट ठेवलं: "साहेब, वेळेत बदल नाही ना? मग पहिल्याच दिवशी ऐंशी जणांना लेटमार्क कसा?"

मी खोटं लिहिलं नव्हतं. पाळी सात ते साडेतीनच होती. पण नोटीस लिहिताना मी माझ्या टेबलावरून बघितलं, बसमधून उतरणाऱ्याच्या जागेवरून नाही. आता अशी ओळ लिहायच्या आधी मी एका माणसाबरोबर त्याचा पूर्ण दिवस चालतो. खरोखर, घड्याळ हातात घेऊन.

त्यांनी औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९अ पण काढलं. कामाचे तास, पाळ्या, पगार असल्या बाबींत बदल करायचा तर त्या कायद्यात २१ दिवसांची नोटीस द्यावी लागायची, आणि त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेवढेच दिवस ठेवलेत. आमचं म्हणणं, पंचिंगची जागा म्हणजे कामाचे तास नव्हेत. त्यांचं म्हणणं, परिणाम तोच आहे. प्रकरण पुढं गेलं नाही. बस दहा मिनिटं आधी आणली, पंचिंगला दहा मिनिटांची सूट दिली आणि दोन्ही बाजू गप्प बसल्या. कोण बरोबर होतं, यावर मी आणि ते सेक्रेटरी अजूनही लग्नात भेटलो की वाद घालतो.

साळुंकी

हे वाचून माझं मत थोडं हललं. पण माझा मुद्दा उलटा धरा की! 'तेच राहील' लिहिलंच नसतं तर ते बोट ठेवायला जागाच मिळाली नसती.

टाइमऑफिस

बोट नसतं ठेवलं, पण लेटमार्क तर लागलेच असते.

सकाळचं_दूध

सांगलीकडं दूध संकलन केंद्र चालवतो. आमच्याकडं बिल दहा दिवसांनी रोखीनं द्यायचो, ते बँकेत जमा करायचं ठरलं. केंद्रावरच्या दोन पोरांना मी सगळं समजावलं: खातं, आयएफएससी, पासबुकाची झेरॉक्स. पहिल्या सकाळी पहिल्याच म्हातारीनं विचारलं, "दर त्योच हाय न्हवं?" पोरगा म्हणाला, "आज्जी, ते मला सांगितलं न्हाई." झालं! दुपारपर्यंत गावभर, डेअरी दर पाडणार म्हणून बँकेचं नाटक करतीय. दराला कुणी हातही लावला नव्हता. संध्याकाळच्या दुधाला पोरांना तीन वाक्यं पाठ करून उभं केलं: दर तोच, फॅट मोजायची मशीन तीच, बिलाचा दिवस तोच. त्यानंतर बँकेचं.

बिलवाला_कोल्हापूर

टाइमऑफिस साहेबांनी माझी चूक सांगायची वेळ आणली. वर मी लिहिलं होतं ना, "बिल नंबरची पद्धत तीच"? मालिका तीच, वर्षाचा कोड तोच, म्हणून मी निर्धास्त. पण आमच्याकडं आधी बिल चुकलं तर ते सॉफ्टवेअरमध्ये खोडून त्याच नंबरावर दुरुस्त बिल काढायची सवय होती. पोरांच्या लेखी 'नंबरची पद्धत' म्हणजे हीच. आयआरएन पडल्यावर तसं चालत नाही. चोवीस तासांच्या आत पोर्टलवर रद्द करता येतं, पण तो नंबर कायमचा गेला; दुरुस्त बिल नव्या नंबरावर. चोवीस तास उलटले की रद्दही होत नाही, क्रेडिट नोट काढावी लागते.

चार ऑगस्टला वजन चुकलं. पोरानं बिल रद्द केलं, त्याच नंबरानं पुन्हा पाठवलं, पोर्टलनं डुप्लिकेट म्हणून परत टाकलं. तो तासभर तेच दाबत बसला, कारण कागदावर माझ्या सहीनं लिहिलं होतं की पद्धत तीच. एखादी गोष्ट लिहायची राहिली असती तर त्यानं मला फोन केला असता. 'तीच' लिहिल्यामुळं त्यानं फोनच केला नाही, नेटला शिव्या घातल्या.

मग ती ओळ खोडून नव्याच्या रकान्यात आणली: "रद्द केलेला नंबर परत वापरायचा नाही. चूक दिसली की त्याच दिवशी मला सांगा." खोडलेली ओळ मुद्दाम दिसेल अशी ठेवली, कारण आधीचं वाचून गेलेल्यालाही कळायला हवं की मीच चुकलो होतो.

रात्रपाळी ताई, एक विचारायचं राहिलं. रात्री वॉर्डात एकटीच सिस्टर असेल तर दुसरी सही कुणाची?

रात्रपाळी

तेच तर नोटिशीत नव्हतं. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलवा, असं तोंडी सांगितलं होतं. ती पण एकटीच असायची. मी असेपर्यंत तरी त्यावर लेखी काही आलं नाही.