मदत हवी आहे: आयसोलेशन फॉरेस्ट चांगल्या बिलांवर बोट ठेवतंय आणि दोनदा दिलेलं बिल सोडतंय

निळी_शाई

नमस्कार मंडळी. आमच्या ईआरपीमध्ये पुरवठादारांच्या बिलांवर मशीन लर्निंग लावायचं काम आठ महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. मी डेटावाली, हिशेब मला नोकरीत आल्यावर कळायला लागला. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

महिन्याला साधारण ३,१०० बिलं येतात. दोन वर्षांची मिळून ७४,००० बिलं घेऊन आयसोलेशन फॉरेस्ट चालवलं. रक्कम, कराची टक्केवारी, पीओच्या रकमेशी फरक, बिलाच्या तारखेपासून एन्ट्रीपर्यंत गेलेले दिवस आणि एन्ट्रीचा तास, एवढे रकाने दिले. `contamination=0.03` ठेवलं, म्हणजे महिन्याला ९३ बिलं फ्लॅग होतात.

तीन महिन्यांत २७९ फ्लॅग झाली. त्यातली खरोखर चुकलेली ६. बाकी काय? वर्षातून एकदाच येणारं विम्याचं बिल, एक मोठी यंत्रखरेदी, आणि आमचे एक सहकारी रात्री नऊनंतर एन्ट्री करतात त्यांची झाडून सगळी बिलं. बिलं तपासणाऱ्या बाई आता यादी उघडतात आणि बंद करतात. मला त्यांचं वाईट वाटतं.

याच काळात एक बिल दोनदा गेलं. एकदा नंबर `INV-00457/B`, १९ दिवसांनी `INV 457B`. रक्कम दोन्हीकडे ४८,२५०. पुरवठादाराच्या खातेउताऱ्यावरून कळलं, आमच्या मॉडेलवरून नाही. `score_samples` पाहिलं तर एकाचं -0.41, दुसऱ्याचं -0.42, आणि माझी फ्लॅगची सीमा -0.58. म्हणजे मॉडेलच्या लेखी ही अगदी सज्जन बिलं.

दुसरं दुखणं अंदाजाचं. पुढच्या आठवड्यात किती रकमेची बिलं येतील याचा अंदाज काढते. टेस्टमध्ये चूक ९ टक्के होती, प्रत्यक्ष वापरात २६. कुठे चुकतंय?

---

आडवातिडवा

`contamination` ०.००५ करा. महिन्याला पंधराएक फ्लॅग येतील, बाई खूश. आमच्याकडे असंच केलं. आणि दुहेरी बिलासाठी ऑटोएन्कोडर लावा, तो आयसोलेशन फॉरेस्टपेक्षा बारीक पकडतो.

---

वजाबाकी

पहिलं अर्धं बरोबर आहे. यादी छोटी होईल. पण `contamination` बदलून स्कोअर बदलत नाहीत, फक्त रेघ वरखाली होते. बिलांचा क्रम तोच राहतो. यादीच्या वरच्या टोकाला विमा आणि यंत्रखरेदीच बसली असेल, तर ९३ ऐवजी १५ फ्लॅग आले तरी त्यात विमा आणि यंत्रखरेदीच असणार. शिवाय ३ टक्के हा आकडा मॉडेलने शोधलेला नाही, तुम्ही त्याला सांगितलेला आहे. एखाद्या महिन्यात एकही चूक नसली तरी तेवढी बिलं तो उचलून देणारच.

ऑटोएन्कोडरने काही होणार नाही, कारण अडचण अल्गोरिदमची नाही. हे बिल एकटं पाहिलं तर त्यात विचित्र काहीच नाही. पुरवठादार नेहमीचा, रक्कम नेहमीची, पीओशी जुळणारी. खोट आहे ती दोन बिलांमधल्या नात्यात, आणि तुम्ही मॉडेलला एका वेळी एकच ओळ दाखवताय. उलट जुळं बिल आलं की त्या जागी गर्दी वाढते, आणि गर्दीतला बिंदू वेगळा काढणं फॉरेस्टला आणखी अवघड जातं. त्यात भर म्हणजे सायकिट-लर्नमध्ये काही बदललं नसेल तर प्रत्येक झाड फक्त २५६ ओळी बघून वाढतं. ७४,००० मधून ती दोन बिलं एकाच झाडात एकत्र येण्याची शक्यता नसल्यासारखीच.

दुहेरी बिलाला मॉडेल नको, जोड्या लावा. पुरवठादार तोच, रकमेत एक टक्क्याच्या आत फरक, तारखांत ९० दिवसांच्या आत अंतर, आणि नंबर साफ करून सारखा. ईआरपीची स्वतःची तपासणी बहुधा नंबर अक्षर न् अक्षर जुळवते, म्हणून तिला तुमचं तिरकं दांडकं आणि मोकळी जागा चकवून गेली.

---

आडवातिडवा

मान्य. मग नंबर साफ करायला हे घ्या, आमच्याकडे चालतंय:

```python
s = re.sub(r'[^A-Z0-9]', '', no.upper())
s = re.sub(r'0+(?=\d)', '', s)
```

---

वजाबाकी

थांबा, हे मधली शून्यंही खातं. `1003` आणि `13` एकच होतील. शून्य काढायचं ते आकड्यांच्या गटाच्या सुरुवातीचंच, आणि तेही चिन्हं पुसण्याआधी. नाहीतर `2024-00457` मधली शून्यं वर्षाला चिकटतात आणि मग निघत नाहीत.

```python
s = no.upper()
s = re.sub(r'(?<!\d)0+(?=\d)', '', s)
s = re.sub(r'[^A-Z0-9]', '', s)
```

निळी_शाई, तुमची दोन्ही बिलं यातून `INV457B` होऊन बाहेर पडतील.

"एका अक्षराचा फरक चालेल" असं मात्र सरसकट लावू नका. ४५६ आणि ४५७ यांत एकाच अक्षराचा फरक असतो, आणि तीच तर पुरवठादाराची लागोपाठची दोन खरी बिलं असतात. देखभालीचं दरमहा सारख्याच रकमेचं बिल असेल तर यादी त्यानेच भरेल. दोन आकड्यांची अदलाबदल आणि शून्याच्या जागी O एवढ्या चुका वेगळ्या धरा.

---

मधली_सुट्टी

माझंही हेच दुखणं आहे! आमच्या गोदामात सुट्या भागांच्या मागणीचा अंदाज सारखा चुकतो. काही भाग चार महिने हलत नाहीत आणि मग एकदम वीस जातात. त्याला कोणतं मॉडेल लावू?

---

वजाबाकी

तो मालाच्या मागणीचा प्रश्न झाला, इथे बिलांचं चाललंय. अधूनमधून येणाऱ्या मागणीला क्रॉस्टनची पद्धत आहे, तिथून सुरुवात करा. वेगळा धागा काढा, तिकडे बोलू.

---

खतावणी

मी अंतर्गत लेखापरीक्षणात आहे, मॉडेलमधलं मला कळत नाही. पण त्या फ्लॅग यादीबद्दल बोलते. विम्याचं बिल विचित्र का ठरलं? कारण त्याची तुलना स्टेशनरीच्या बिलाशी झाली. आम्ही माणसं बिल बघतो तेव्हा "या पुरवठादाराच्या मानाने जास्त आहे का" असं बघतो. तुमच्या रकान्यांत पुरवठादार कुठेच नाही.

आणि रात्रीच्या एन्ट्रीवाल्या सहकाऱ्यांना सोडा हो. एन्ट्रीचा तास बिलाबद्दल काही सांगत नाही, माणसाच्या पाळीबद्दल सांगतो.

---

निळी_शाई

खतावणीताई, हे वाचून कपाळावर हात मारला. रकमेच्या जागी "रक्कम भागिले त्या पुरवठादाराची मध्यम रक्कम" याचा लॉग घेऊन पाहिला, तास काढून टाकला. गेल्या महिन्याच्या बिलांवर पुन्हा चालवलं तर पहिल्या ३० मध्ये ४ खरी चुकलेली सापडली, त्यातल्या एकात दशांश चिन्हच सरकलं होतं. पण आमचे चाळीसएक टक्के पुरवठादार वर्षाला पाचपेक्षा कमी बिलं देतात. त्यांची मध्यम रक्कम कशाच्या जोरावर काढू?

---

वजाबाकी

काढू नका. तीन बिलांवरून सवय ठरत नाही. त्यांना मॉडेलमधून बाहेर ठेवा आणि साधे नियम लावा: पीओ नाही, माल मिळाल्याची नोंद नाही, बँक खातं बदलल्यानंतरचं पहिलंच पेमेंट. शेवटचा नियम तर सगळ्यांनाच लावा. पैसे चोरणारा माणूस रक्कम नेहमीचीच ठेवतो, बदलतो तो खाते क्रमांक.

आता अंदाज. एक विचारतो: टेस्टमध्ये "मागच्या आठवड्याची बेरीज" हा रकाना तुम्ही बिलाच्या तारखेवरून काढला ना? आणि डेटा आजच्या टेबलमधून घेतला?

---

निळी_शाई

हो. दुसरं कुठून घेणार?

---

वजाबाकी

तिथेच गोम आहे. आज तुम्ही सहा महिन्यांपूर्वीचा आठवडा बघता तेव्हा त्यातली सगळी बिलं टेबलमध्ये आलेली आहेत. पण त्या वेळच्या सोमवारी ती आलेली नव्हती. काही टेबलावर पडून होती, काही पोचायची होती. टेस्टमधल्या मॉडेलला पूर्ण आठवडा दिसला, प्रत्यक्षात त्याला अर्धवट दिसतो. प्रत्येक टेस्ट-सोमवारसाठी फक्त तोवर एन्ट्री झालेलंच घ्या:

```sql
WHERE entry_ts <= :cutoff
```

पुरवठादाराच्या मास्टरमधूनही काही रकाने घेत असाल तर तेही बघा. मास्टरमध्ये आजची माहिती असते, तेव्हाची नाही. ती बदलनोंदींतून उलगडावी लागते, आणि काही ठिकाणी त्या नोंदी ठेवलेल्याच नसतात.

---

निळी_शाई

चार दिवसांनी परत आले. मोजलं: सोमवारी सकाळी मागच्या आठवड्याच्या तारखेची ६४ टक्केच रक्कम एन्ट्री झालेली असते, उरलेली पुढच्या तीन आठवड्यांत झिरपते. कटऑफ लावून पुन्हा शिकवलं. टेस्टची चूक ९ वरून २२ टक्क्यांवर गेली आणि मागच्या सहा आठवड्यांच्या प्रत्यक्ष आकड्यांवर २४ आली. साहेब म्हणाले, मॉडेल बिघडवलंस.

जाता जाता, गेल्या चार आठवड्यांची नुसती सरासरी घेतली तर चूक २५ येते.

---

आडवातिडवा

मग २४ साठी एवढा खटाटोप कशाला?

---

वजाबाकी

रास्त प्रश्न आहे. एका टक्क्यासाठी मी मॉडेल सांभाळत बसणार नाही. तुमच्या साहेबांना खरं काय हवंय ते विचारा. बहुधा पैसे कधी जाणार हे हवं असतं. त्यातले पुढचे दोन आठवडे तर एन्ट्री झालेल्या बिलांच्या देय तारखांतच लिहिलेले असतात, तिथे अंदाज कशाला? त्यापलीकडे उघड्या पीओ. तरीही पेमेंट कधी सोडायचं हे माणूस ठरवतो. रोख कमी असली की तो थांबवतो, आणि ते कारण तुमच्या एकाही रकान्यात नाही.

---

खतावणी

फ्लॅग न झालेल्या बिलांचं काय? तिथे किती चुका सुटल्या हे कोणी बघतंय का? ६ सापडल्या म्हणून ६च होत्या असं नाही.

---

वजाबाकी

महिन्याला ३० बिलं चिठ्ठ्या टाकून काढा आणि नीट तपासा.

---

खतावणी

चूक पाचशेत एक असेल तर ३० बिलांत महिनोन्महिने काहीच सापडणार नाही, आणि सगळे म्हणतील सगळं ठीक आहे. त्यापेक्षा मोठ्या पुरवठादारांचे खातेउतारे तिमाहीला जुळवा. निळी_शाईंना जे कळलं ते तिथूनच कळलं.

---

वजाबाकी

बरोबर, माझी सूचना फार पातळ होती. मोठ्या रकमांतून जास्त चिठ्ठ्या काढल्या तर थोडं बरं, पण सुटलेल्या चुकांचा आकडा त्यातूनही पक्का मिळणार नाही. उतारे चांगले, फक्त ते न पाठवणारे पुरवठादार आंधळ्या कोपऱ्यात राहतात.

---

निळी_शाई

जोड्या लावून झाल्या. दोन वर्षांत ११ जोड्या, त्यातल्या ३ खरंच दोनदा दिलेल्या, ८ म्हणजे सारख्या रकमेची निराळी बिलं, जिथे नंबरच्या जागी कोणीतरी `NA` टाकलंय. तीनपैकी एकाचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले.

आता नवीन भानगड: एका पुरवठादाराचे आमच्याकडे दोन कोड निघाले, त्यामुळे "पुरवठादार तोच" ही अटच फसते. बँक खात्यावरून एकत्र करायला गेले तर एकाच समूहाच्या तीन वेगळ्या कंपन्या एका खात्यावर पैसे घेतात असं दिसलं. आणि साहेबांना फ्लॅग झालेलं बिल आपोआप ब्लॉक हवंय. मी जोड्यांपुरतं हो म्हटलंय, मॉडेलच्या फ्लॅगला नाही म्हटलंय. कोड एकत्र कसे करता तुम्ही लोक?