मदत हवी आहे: मुलाची मुंज, घटस्फोट झालेले आई-बाबा आणि मध्ये मी

लोकमान्यनगरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, वय चौतीस. मी तेरा वर्षांचा असताना आई-बाबांचा घटस्फोट झाला. मी आणि धाकटी बहीण आईकडे वाढलो. आई लोकमान्य नगरात राहते. बाबांनी पुढे दुसरं लग्न केलं, ते विजयनगरला असतात. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणतो. काकू स्वभावाने चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

वैशाखात माझ्या मुलाची मुंज आहे. बाबांचं म्हणणं असं की नातवाची मुंज आजोबांच्या नावाने निघते, म्हणून पत्रिकेत निमंत्रक म्हणून त्यांचं आणि काकूंचं नाव हवं. आई म्हणते, "ती बाई मांडवात सवाष्ण म्हणून मिरवणार असेल तर मला बोलावूच नकोस. मी घरी बसून आशीर्वाद देईन." पत्रिकेचा मजकूर चार वेळा बदलला आणि चारही वेळा कुणीतरी दुखावलं गेलं.

हे आजचं नाही. लहानपणी नरक चतुर्दशीला माझी दोन अभ्यंगस्नानं व्हायची. पहाटे पाचला आईकडे उटणं लावून, आणि सातला बाबा स्कूटरवर घ्यायला आले की त्यांच्याकडे पुन्हा. आईकडे अंघोळ झाल्याचं मी तिकडे सांगत नसे आणि तिकडच्या अंघोळीचं आईला. ओले केस दिसू नयेत म्हणून स्कूटरवर मान वाऱ्याकडे करून बसायचो.

2017 मध्ये बहिणीचं लग्न झालं, तेव्हा मंगलाष्टकं चालू होती आणि मी आई कुठे आहे ते शोधत होतो. कार्यालयाच्या मागच्या खोलीत ती पदराने डोळे पुसत बसली होती. मी तिच्यासाठी ताट वाढून नेलं, तेवढ्यात बाबांचा फोन आला, "तू कुठे आहेस, फोटोला बोलावतायत." बहिणीवर अक्षता टाकायच्या राहूनच गेल्या. माझ्या खिशात त्या रात्रीपर्यंत तशाच होत्या.

मुंजीत हे परत होऊ द्यायचं नाही. मुलाला सगळं कळतं. परवा त्याने विचारलं, "मी आजीच्या पाया आधी पडू की आजोबांच्या?" काय करावं?

स्पष्टवक्ता

भाऊ, कोर्टाचा आदेश काय आहे ते आधी बघा. मुलगा आईच्या ताब्यात असेल तर मुंजीसारख्या कार्याला तिची संमती घ्या आणि भेटीच्या वेळा लेखी ठरवून घ्या. वकिलाशी बोलल्याशिवाय पत्रिका छापू नका.

लोकमान्यनगरकर

स्पष्टवक्ता, गैरसमज होतोय. घटस्फोट माझा नाही, माझ्या आई-बाबांचा झाला आहे. मी आणि बायको एकत्र आहोत, मुंज आम्ही दोघं मिळून करतोय.

स्पष्टवक्ता

माफ करा, घाईत वाचलं. मग तर सोपं आहे. एका रविवारी दोघांना घरी बोलवा, समोरासमोर बसवा आणि जे काही आहे ते एकदाचं बोलून टाका. मोठी माणसं आहेत, नातवासाठी समजून घेतील.

बडोद्याची वेणू

तुमचं अभ्यंगस्नान वाचून घशात आवंढा आला. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहायचो. माझ्या मुलीच्या बारशाला मी आईला सकाळी आणि पप्पांना संध्याकाळी बोलावलं. दोनदा पाळणा, दोनदा घुगऱ्या. बाळंतपणाला जेमतेम बारा दिवस झालेले, संध्याकाळी मला ताप भरला. शिवाय सकाळी आत्या कशी काय आली, यावरून आई महिनाभर बोलली नाही. आता माझ्या भावाचं लग्न ठरतंय. मलाही उत्तर हवंय, म्हणून इथे थांबते.

पारिजात

मी बरीच वर्षं कौटुंबिक न्यायालयात समुपदेशनाचं काम केलं, आता निवृत्त आहे. आधी एक विचारते आणि त्याचं उत्तर खरं द्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या घरी मारहाण होती का? आईला बाबांची भीती वाटते का, की राग आहे?

लोकमान्यनगरकर

मारहाण कधीच नव्हती, पारिजातताई. बाबा घर सोडून गेले आणि दोन वर्षांनी काकूंशी लग्न केलं. आईला राग आहे, आणि माझ्या मते तो योग्यच आहे. भीती नाही.

पारिजात

मग दोघं एका मांडवात येऊ शकतात. भीती असती तर मी तुम्हाला तसं सुचवलंच नसतं.

स्पष्टवक्ता म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. बोलायला हवं, पण तुम्ही दोघांशी वेगवेगळं बोलायचं. त्यांना एकमेकांसमोर बसवू नका. वीस वर्षं न बोललेली माणसं समोरासमोर बसली की मुंजीचं बोलणं बाजूला राहतं आणि कोण का गेलं तेच निघतं. त्या खटल्याचे न्यायाधीश म्हणून पुन्हा तुम्हीच मध्ये बसाल.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही टपाल वाहताय. ओळखायची खूण अशी की आईचा फोन ठेवल्याबरोबर मनात "आता हे बाबांना कसं सांगू" असं येतं का ते पाहा. येत असेल तर तो निरोप तुमचा नाही, तिचा आहे. आईने "त्यांना सांग" म्हटलं की तिथेच थांबवायचं: "आई, त्यांच्यासाठीचा निरोप मी नेणार नाही. तुला माझ्याशी काय बोलायचंय ते बोल." पहिल्यांदा हे फार निष्ठुर वाटेल.

दुसरं असं की तुम्ही मिनिटं मोजताय. इकडे एक अंघोळ, म्हणून तिकडेही एक. तेरा वर्षांच्या मुलाने शोधलेला तो उपाय होता, आणि त्या वयात दुसरा काही हाताशीही नव्हता. आता समान वाटणी करायची गरज नाही. ज्याला जे खरोखर हवंय ते द्यायचं, आणि ते दोघांचं वेगळं असतं. म्हणून अट ऐकली की अटीखाली काय आहे ते विचारा. आईला "काकू नको" एवढंच म्हणायचं आहे का? मांडवात नेमकं काय होईल याची तिला धास्ती आहे, ते विचारा. पत्रिकेचं नाव काढू नका.

अप्पा

मी पौरोहित्य करतो, रामबागेत बऱ्याच मुंजी लावल्या आहेत. शास्त्रापुरतं सांगतो. मुंजीचा कर्ता बटूचा बाप. तो नसेल तर अधिकार आजोबांकडे जातो. तुम्ही आहात, म्हणजे पाटावर तुम्ही आणि सूनबाई. मातृभोजन सूनबाईबरोबर, पहिली भिक्षा तिचीच. आजोबांना मान आहे, पण त्यांच्यावाचून कुठलाही विधी अडत नाही. पत्रिका बापाच्या नावाने काढली तर त्यात शास्त्राचा काही अडसर नाही.

आणि घाणा भरायला, औक्षणाला सवाष्णच हवी हा लोकाचार आहे. आजीने नातवाला ओवाळलं म्हणून मंत्र अडल्याचं मी पाहिलं नाही.

लोकमान्यनगरकर

काल संध्याकाळी आईकडे गेलो होतो. पारिजातताई, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. ती बराच वेळ दुधावरची साय काढत राहिली. मग म्हणाली, बहिणीच्या लग्नात घाणा भरताना आत्याने सगळ्यांसमोर तिला बाजूला केलं होतं. "वहिनी, तू राहू दे, पाच जणी झाल्यात." पाच झालेल्या नव्हत्या, चारच होत्या. पाचव्या म्हणून काकूंना बोलावलं. मागच्या खोलीत ती त्यामुळे बसली होती. आठ वर्षं मी समजत होतो की बाबा दिसले म्हणून ती रडत होती.

अप्पा, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण "परत वाच" म्हणाली.

पारिजात

म्हणजे आईची अट काकूंबद्दल नव्हतीच. परत बाजूला केलं जाईल, याची तिला धास्ती होती. त्यावर काहीतरी करता येतं.

आता तुम्ही आणि बायकोने एका रात्री बसून सगळं ठरवा. पत्रिका तुमच्या दोघांच्या नावाने. आशीर्वाद देणाऱ्यांत दोघांची नावं वेगवेगळ्या ओळींवर, आईच्या नावामागे श्रीमती. पहिलं औक्षण आईचं, आणि ते आत्याला तुम्ही आधीच सांगायचं, मांडवात नाही. फोटो एकत्र काढायचा आग्रह नको. छायाचित्रकाराला लेखी यादी द्या, म्हणजे तो "आजी-आजोबा दोघं या" असं ओरडणार नाही. कार्यालयात ही चूक हमखास होते. आणि दोघांजवळ एकेक माणूस नेमा, आईजवळ मामा, बाबांजवळ काका. ताट वाढणं, फोटोला बोलावणं, रुसवा काढणं ही कामं त्या दिवशी त्यांची. तुम्ही पाटावरून उठायचं नाही.

मग दोघांना एकाच संध्याकाळी, एकाच शब्दांत कळवा. आधी एकाला सांगितलं की दुसऱ्याला नातेवाइकांकडून कळतं, आणि आपल्याला मागाहून विचारलं असं वाटतं. वाक्याच्या शेवटी "चालेल ना?" नको. तो प्रश्न विचारला की निर्णय परत त्यांच्या हातात जातो. "असं ठरवलं आहे, तुम्ही यावं असं मनापासून वाटतं" एवढं पुरे.

पहिले आठ-दहा दिवस ताण वाढेल. "मग मी येतच नाही" हे दोन-तीनदा ऐकावं लागेल. तेव्हा एक ओळ जरी बदललीत, तरी ताणून धरलं की तुम्ही नमता हे दोघांना कळेल आणि पुढच्या प्रत्येक कार्यात तेच होईल.

बडोद्याची वेणू

ताई, पण खरंच नाही आले तर?

पारिजात

तर नाही येणार. वेणू, ती शक्यता मी काढून टाकू शकत नाही. काही जण येत नाहीत आणि मुलांना त्याचं आयुष्यभर वाईट वाटतं. मात्र न येणं हा त्यांचा निर्णय असतो. तुम्ही दार उघडं ठेवलेलं असतं.

स्पष्टवक्ता

मला हे पटायला जड जातंय. आई-वडिलांना "ठरवलं आहे" असं कळवायचं? आमच्या घरी असं कुणी बोललं असतं तर वडील उठून गेले असते.

पारिजात

शब्द तुमच्या घराला शोभतील ते वापरा, नमस्कार करून सांगा. फक्त परवानगी मागू नका.

लोकमान्यनगरकर

रविवारी दोघांना सांगितलं. आईकडे सहा वाजता, बाबांकडे सव्वासातला. मधल्या वेळात फोन बंद ठेवला. आत्याशी आदल्या दिवशीच बोललो. ती रागावली, पण हो म्हणाली.

आई म्हणाली, "ओवाळायला येईन, जेवायला थांबणार नाही." मी "बरं" म्हणालो. तिला थांबवायला तोंड उघडलं होतं, बायकोने हात दाबला.

बाबा बोललेच नाहीत. पत्रिकेचा नमुना हातात धरून बसले होते. काकूंनी चहा आणला आणि त्याच म्हणाल्या, "पहिलं औक्षण त्यांचंच असायला हवं होतं, तेव्हाही." बाबा उठून गच्चीत गेले. अजून त्यांचा फोन नाही, आज चौथा दिवस. काकांना विचारून पाहावं असं दहा वेळा मनात आलं, पण विचारलं नाही.

पत्रिका छापायला टाकली आहे. मुलाला सांगितलं, आधी जे जवळ असतील त्यांच्या पाया पड.