मदत हवी आहे: घरी एस्प्रेसो मशीन घेतलं तर कॅपुचिनोचे पैसे खरंच वाचतात का?

ऋता_खराडी
नमस्कार. मी रोज एक कॅपुचिनो बाहेर पिते. करासकट 240 रुपये पडतात. महिन्याचे 22 दिवस धरले तर 5,280 होतात. गेल्या महिन्यात खर्च लिहून काढला तेव्हा हा आकडा किराणा मालाच्या जवळपास पोचलेला दिसला आणि धसकाच घेतला.

आता 24,000 चं एक एस्प्रेसो मशीन बघून ठेवलंय. 15 बार प्रेशर, दूध फेसाळायला वाफेची नळी, सगळं आहे. घरी एक कप 30 रुपयांत होईल असा माझा अंदाज आहे. म्हणजे कपामागे 210 वाचले, महिन्याला 4,620, आणि साडेपाच महिन्यांच्या आत मशीन फिटलं. हे गणित बरोबर आहे का? नवऱ्याला पटत नाहीये, पण त्याला नेमकं कुठे खटकतंय ते सांगता येत नाही.

मंगलाताई
अगं, मशीन कशाला? आमच्याकडे 30 वर्षं पितळेचा फिल्टर आहे. रात्री पावडर भरून उकळतं पाणी घालायचं, सकाळी डिकॉक्शन तयार. पावडर माटुंग्याहून आणते, 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी. दोघांची कॉफी दुधासकट 30 रुपयांत होते.

ऋता_खराडी
मंगलाताई, फिल्टर कॉफी मलाही आवडते. पण मला चिकोरीशिवायची, कमी दुधाची आणि वर मऊ फेस असलेली कॉफी हवी आहे. फिल्टर घरात आला तरी मी कॅफेत जाणं थांबवणार नाही, हे मला माहीत आहे.

सुमेध_ठाणे
मशीन घ्याच. माझ्याकडे दोन वर्षं आहे. दुकानातली दळलेली पावडर वापरतो, कप 25 रुपयांच्या वर जात नाही. ग्राइंडर वगैरे शौकिनांचे लाड आहेत. 15 बार असलं की कॉफी चांगली येतेच.

भाजणीवाला
चिकमगळूरच्या बीन्स आणून घरी भाजतो, त्याआधी चार वर्षं एका कॅफेत काम केलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सुमेध यांचं अर्धं बरोबर आहे. त्यांच्या मशीनमध्ये पावडर भरायची दुहेरी तळाची बास्केट असणार, तिला एकच बारीक भोक असतं. त्या भोकामुळे दाब तयार होतो, म्हणून तयार पावडरही चालते आणि वर फेसही दिसतो. पण तो फेस भोकातून जोरात निघाल्यामुळे आलेला असतो, कॉफी त्यामानाने पातळ लागते. 15 बार ही पंपाची कमाल ताकद झाली. एस्प्रेसो साधारण 9 बारवर निघते.

कॅफेसारखी चव हवी तर साधी बास्केट लागते आणि तिथे दाब तयार करायचं काम दळणाचं असतं. 18 ग्रॅम कॉफीतून 36 ग्रॅम एस्प्रेसो 25 ते 30 सेकंदांत यावी. 12 सेकंदांत भसाभस आली तर दळण जाड आहे, चव आंबट आणि पाणचट लागेल. थेंब थेंब गळत मिनिटभर लागलं तर फार बारीक आहे, कडवट लागेल. बीन्स शिळ्या होत जातात तशी ही सेटिंग बदलावी लागते, म्हणून ग्राइंडर घरातच हवा. या कामाचा ग्राइंडर 9,000 च्या आसपास धरा. म्हणजे सुरुवातच 33,000 पासून झाली.

आता कप. 250 ग्रॅम ताज्या बीन्स 600 ला धरल्या तर 18 ग्रॅमचे 43 रुपये. दीडशे मिली दुधाचे साडेदहा. नवीन पाकीट उघडलं की पहिले एकदोन शॉट सिंकमध्ये जातात. त्यात तुमच्याकडे टँकरचं जड पाणी असेल तर बॉयलरमध्ये क्षार साचतात, ते काढायची पावडर दर दोन महिन्यांनी लागेल. मी कपाला 60 धरतो. म्हणजे वाचतात 180, 210 नाही.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. या 22 कपांपैकी घरच्या मशीनमुळे नक्की किती कप बंद होतील?

ऋता_खराडी
हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस असतं, तेव्हा मैत्रिणीबरोबर खालच्या कॅफेत बसूनच पिते. ते महिन्याचे 13 कप. उरलेले 9 घरून काम असतं त्या दिवशीचे, तेव्हा सोसायटीसमोरच्या कॅफेत जाते. शनिवार-रविवारी आम्ही घरी चहाच पितो.

भाजणीवाला
मग बंद होणारे कप 9. त्यांचे महिन्याला 1,620 वाचतील. आता शनिवार-रविवार बघा. मशीन ओट्यावर आलं की चहाची जागा कॉफी घेते, हे मी प्रत्येक घरात पाहिलंय. आठ दिवस, दोघांचे मिळून 16 कप, 60 रुपयांप्रमाणे 960 झाले. चहाचे पैसे वाचतील ते किरकोळ. उरले 660. त्या वेगाने 33,000 फिटायला 50 महिने लागतील. तुमच्या यजमानांना बहुतेक हेच खटकत असावं.

सुमेध_ठाणे
पण या हिशेबात मशीनची किंमत शून्य होते असं धरलंय. चार वर्षांनी विकलं तर काही ना काही परत येईलच की.

भाजणीवाला
येईल, पण किती ते देखभालीवर आहे. आत क्षार साचलेलं मशीन मी फुकटसुद्धा घेणार नाही.

ऋता, त्या 9 कपांसाठी आधी तीन कपी मोका पॉट घेऊन बघा. 1,800 पर्यंत मिळतो, दूध फेटायची बॅटरीवरची रवी 300 ला. कॉफी रोस्टरकडूनच मोकासाठी दळून मागवा, मोका दळणातल्या थोड्या फरकाला नडत नाही. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी, त्यावर बसणाऱ्या गाळणीत 16 ग्रॅम कॉफी, दाबून बसवायची नाही. मंद आच ठेवा. भांडं छोटं असतं, गॅसच्या शेगडीवर जाळी लागेल, आणि अॅल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही. गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा, त्यानंतर येतो तो कडवटपणा. दूध 60 ते 65 अंशांपर्यंतच तापवून फेटा, उकळलं तर त्याचा गोडवा जातो.

हा कप 45 रुपयांत बसतो. कपामागे 195 वाचले, म्हणजे अकराव्या कपाला 2,100 वसूल. फेस मात्र कॅफेइतका रेशमी येणार नाही, बुडबुडे जरा मोठे राहतात.

मंगलाताई
ऑफिसच्या दिवशी थर्मासमध्ये भरून नेली तर?

भाजणीवाला
गरम कॅपुचिनो नका नेऊ, वीस मिनिटांत फेस बसतो आणि तासाभराने दूध शिजल्यासारखं लागतं. मोकाची कोरी कॉफी थंड करून बाटलीत न्या आणि ऑफिसात बर्फ आणि गार दूध घाला. आइस्ड लाटे प्रवासात बिघडत नाही.

ऋता_खराडी
मैत्रिणीबरोबरचे 13 कप मी सोडणार नाही, त्यांचे 3,120 मला मान्य आहेत. मोका पॉट आज मागवते. एकच शंका राहिली: आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. आरओचं वापरलं तर कॉफी बेचव होते असं कुणीतरी म्हणालं होतं, ते खरं का?

सुमेध_ठाणे
मी आरओचंच वापरतो, मला फरक जाणवत नाही.

भाजणीवाला
अगदी कमी क्षारांच्या पाण्यात मला चव सपाट लागते. दोन्ही पाण्यांची एकेक कॉफी शेजारी ठेवून प्या आणि इथे कळवा.