'उद्या रविवार होता' हे वाक्य चूक आहे का?

रामबागकर (इंदूर): माझ्या कादंबरीतील नायिकेची नोकरी गेली आहे आणि घरी कोणालाही ते ठाऊक नाही. त्या प्रसंगी मी लिहिले आहे: 'ती जिन्यातच थांबली. उद्या रविवार होता. सासूबाई येणार होत्या. आता त्यांना ती काय सांगणार होती?' संपादकांनी हे बदलून 'दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि सासूबाईंना काय सांगावे, असा विचार तिच्या मनात आला' असे केले. 'उद्या'पुढे 'होता' येऊच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्याला काय वाटते?

तुकोगंज: संपादकांचे बरोबर आहे. उद्या असतो किंवा असेल, तो होता कसा? इंग्रजी वाचून वाचून आपण मराठीचे काळ बिघडवले आहेत. नायिकेचा विचारच द्यायचा असेल, तर अवतरणचिन्हांत सरळ 'उद्या रविवार आहे' असे लिहावे.

सुरसागर (बडोदे): तसे लिहिले तर निवेदक बाजूला होतो आणि नायिका एकटी बोलते; संपादकांच्या वाक्यात ती गप्प होते आणि एकटा निवेदक बोलतो. रामबागकरांच्या वाक्यात दोघे एकाच वेळी आहेत. 'होता' आणि 'ती' हे शब्द निवेदकाचे, कारण गोष्ट घडून गेली आहे असे धरून तो सांगतो आहे. 'उद्या' आणि 'आता' मात्र जिन्यात उभ्या असलेल्या बाईचे. याला मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात. शार्ल बाली या भाषाशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये त्याला फ्रेंचमध्ये नाव दिले, पण कादंबरीकार त्याच्या कितीतरी आधीपासून ही रीत वापरत होते.

मराठीत ती जास्त ठळक दिसते, असे मला वाटते. आपण 'ती म्हणाली की मी उद्या येईन' असे म्हणतो. 'की' आला तरी बोलणाऱ्याचा काळ, आणि पुष्कळदा त्याचा 'मी'सुद्धा, तसाच राहतो. म्हणून 'उद्या'जवळ 'होता' आला की वाचक क्षणभर अडखळतो. ते अडखळणे हवे की नको, हे लेखिकेने ठरवावे.

लष्कर (ग्वाल्हेर): आमची आत्या शेजारणीबद्दल सांगायची, 'तिला म्हणे काही ठाऊकच नव्हतं!' यातही शब्द शेजारणीचे आणि सांगणारी आत्याच. मग यात नवीन काय आहे?

सुरसागर: काका, उदाहरण जवळचे आहे, पण 'म्हणे' ही पाटी आहे. हे शब्द माझे नव्हेत, असे आत्याबाई त्यातून बजावतात. या रीतीत पाटीच नसते आणि म्हणून घोटाळे होतात. फ्लोबेरच्या 'मादाम बोवारी'वर १८५७ मध्ये खटला चालला, तेव्हा सरकारी वकील पिनार यांनी व्यभिचाराचे काव्य केल्याचा आरोप ठेवला. पहिल्या व्यभिचारानंतर एम्मा आरशासमोर हरखते आणि प्रेमाचे सुख आपल्याला अखेर लाभणार, अशा अर्थाची वाक्ये 'ती' धरून येतात. ती लेखकाची मते मानली तर आरोप खरा वाटतो. एम्माचे स्वप्नरंजन मानले तर त्यांत उपरोध दिसतो. फ्लोबेर सुटला, पण ही वाक्ये कोणाची, हे निवेदक कुठेही सांगत नाही.

तुकोगंज: थोडक्यात, हा संज्ञाप्रवाहच ना? मग नव्या नावाचा बडेजाव कशाला?

सुरसागर: पूर्णपणे नाही. संज्ञाप्रवाहात विचार तुटक येऊ शकतात आणि निवेदक जवळपास नाहीसाही होऊ शकतो. इथे वाक्यरचना त्याच्याच हातात असते. मात्र 'उद्या रविवार. आता काय सांगायचं?' असे लिहिले तर क्रियापदाचा काळ आणि 'ती' दोन्ही जातात आणि निवेदक उरला आहे की नाही, हे मलाही सांगता येणार नाही. मराठीत ही पळवाट फार सोपी आहे.

लष्कर: 'आपलं काय चुकलं?' हेही तसेच. 'आपलं' म्हणजे तिचं, माझं की सगळ्यांचं?

तुकोगंज: ते इंदूरच्या हिंदीतल्या 'अपन'मुळे. तिथे 'अपन चलते हैं' म्हणणारा एकटाही असू शकतो.

लष्कर: माझ्या साताऱ्याच्या सासुरवाडीला 'अपन' ठाऊक नाही, पण 'आपल्याला नाही जमत बुवा' तेही म्हणतात.

रामबागकर: 'उद्या' आता मी सोडणार नाही. पण पुढचे वाक्य आहे: 'सासूबाई उगाच बोलत नव्हत्या.' हे कोणाचे मत ठरेल? मला ते फक्त तिचे हवे आहे.

सुरसागर: ताई, निवेदक आतापर्यंत 'तिची सासू' म्हणत आला असेल, तर 'सासूबाई' आणि 'नव्हत्या' हा आदर सुनेचा ठरतो. मग निवेदकाचे मत सासूच्या विरुद्धही असू शकते.

रामबागकर: निवेदक पहिल्या पानापासून 'सासूबाई'च म्हणतो आहे.

तुकोगंज: म्हणजे ते लेखिकेचेच मत.

सुरसागर: लेखिकेचे कसे? फार तर निवेदकाचे. आणि 'उगाच' हा शब्द अजूनही मला सुनेचाच वाटतो.