मदत हवी आहे: इजिप्तच्या मैत्रिणीला अरबीतून पहिला ईमेल

सायली_नाशिक
तीन महिन्यांपासून अरबी शिकते आहे. अलेक्झांड्रियातल्या एका पत्रमैत्रिणीला घर आणि छंदांबद्दल चार ओळी लिहायच्या आहेत. ईमेल अरबी लिपीतच जाणार आहे, इथे फक्त उच्चार देते:

अजीजती लैला, इस्मी सायली. अना तालिबा. अस्कुन फी शहर नाशिक. अबी वकील. उम्मी मुदर्रिसा. अखी सगीर यद्रुस फिल मद्रसा. शौकी किराआ व रस्म.

शब्द अडला की मराठीतला अरबी वाटणारा शब्द घातला आहे. चुका सांगाल का? आत्या आमच्याकडेच राहते, पण तिच्यासाठी शब्द सापडला नाही.

खाडीकाठचा
मी चौदा वर्षं कुवेतला होतो. 'अबी वकील' म्हणजे 'मला वकील हवाय'. ताई, काही अडचण आहे का? तसं असेल तर आधी वकिलातीत फोन करा, मैत्रिणीला नंतर कळवा.

सायली_नाशिक
नाही हो काका, अडचण काही नाही. माझे बाबा वकील आहेत, तेवढंच सांगायचं होतं.

रुईकर_मास्तर
काकांचंही चूक नाही. आखाती बोलीत 'अबी' म्हणजे 'मला हवं', आणि लेखी अरबीत तेच अक्षर 'माझे वडील' असं वाचलं जातं. इजिप्तच्या मुलीचा घोटाळा होणार नाही, पण 'वालिदी' लिहिलंस तर प्रश्नच उरत नाही.

खरी गडबड मराठीतून घेतलेल्या शब्दांची आहे. अरबीत 'शहर' म्हणजे महिना, म्हणजे तू नाशिक नावाच्या महिन्यात राहतेस असं होईल. गावासाठी 'मदीना' हा शब्द आहे, पण नुसतं 'फी नाशिक' पुरे. 'वकील' म्हणजे कुणाच्या वतीने काम पाहणारा, प्रतिनिधी. कोर्टातला वकील तो 'मुहामी'. आणि 'शौक' म्हणजे ओढ, कुणाची तरी आठवण येऊन जीव कासावीस होणं. छंदाला 'हिवाया', अनेक असतील तर 'हिवायात'. 'किताब', 'कलम', 'दुकान' हे शब्द मात्र बिनधास्त वापर, त्यांचा अर्थ बदललेला नाही.

आत्या म्हणजे 'अम्मा'. 'आई' असं ऐकू येईल, पण हा ऐन अक्षराचा अम्मा आहे. मावशी 'खाला', काका 'अम्म', मामा 'खाल'. इंग्रजीत ही चारही नाती दोनच शब्दांत कोंबावी लागतात, अरबीत आपल्यासारखी वेगळी राहतात. मला ही भाषा जवळची वाटली ती इथूनच.

पानटपरी_वाचक
दोन गोष्टी राहिल्या. 'आहे' कुठेच नाही, म्हणून 'वालिदी हुव मुहामी' हवं. आणि नामाला 'अल' लावायचाच असतो, म्हणजे 'अल-वालिदी', 'अल-किराआ'.

रुईकर_मास्तर
'अल-किराआ' बरोबर. आवडीनिवडी सांगताना वाचन, चित्रकला यांना 'अल' लागतो, सायलीच्या ओळीत तो सुटला आहे. पण 'वालिदी'मध्ये 'माझे' आधीच आहे, त्यावर 'अल' बसत नाही. 'हुव'ही नको. आपल्याला 'आहे' शिवाय वाक्य अर्धवट वाटतं, अरबीत 'वालिदी मुहामी' एवढ्यानेच ते पुरं होतं.

त्याचमुळे भावाचं वाक्य फसलं आहे. 'अखी सगीर' म्हणजे 'माझा भाऊ लहान आहे', वाक्य तिथेच संपलं. मग 'यद्रुस' लोंबकळत राहतं. 'माझा लहान भाऊ' म्हणायचं तर 'अखी अस्सगीर'. आपण शब्दांची जागा बदलतो, 'भाऊ लहान' आणि 'लहान भाऊ'. अरबीत जागा तीच राहते, फरक 'अल' करतो. लिहिताना अलिफ-लाम लिही, उच्चारताना तो पुढच्या 'स'मध्ये विरतो. तपासायचं असेल तर तिथे थांबून बघ: वाक्य पूर्ण वाटलं आणि तुला अजून बोलायचं असेल, तर 'अल' राहिला.

खाडीकाठचा
'अजीजती' फार कागदी वाटतं. 'हबीबती' लिहा, इजिप्शियन बायका सर्रास म्हणतात.

रुईकर_मास्तर
म्हणतात खरं, पण ओळख झाल्यावर. पहिल्या ईमेलात मी 'अजीजती'च ठेवीन.

खाडीकाठचा
मला नाही पटत. पहिल्या दिवशी दुकानातली बाईसुद्धा म्हणायची.

सायली_नाशिक
तूर्त 'अजीजती' ठेवते, तिने 'हबीबती' लिहिलं तर मीही लिहीन. आता असं झालं:

अजीजती लैला, इस्मी सायली. अना तालिबा व अस्कुन फी नाशिक. वालिदी मुहामी व उम्मी मुदर्रिसा. अखी अस्सगीर यद्रुस फिल मद्रसा. अम्मती तस्कुन मअना. हिवायाती अल-किराआ वर्रस्म. व मा हिवायातुकि? सदीकतुकि, सायली.

भावाचं वय पंधरा लिहायचं आहे, पण आकडे शब्दांत मांडताना डोकं चक्रावलं.

रुईकर_मास्तर
पंधराच्या दोन्ही भागांचं लिंग सांभाळावं लागतं, त्यात आत्ता शिरू नकोस. 'उम्रुहु 15 सना' असं आकड्यात लिही, तिकडेही असंच लिहितात. अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत एकवचनी 'सना'च येतं. नऊ वर्षांची बहीण असती तर मात्र 'सनवात' लिहावं लागलं असतं.

सायली_नाशिक
आकडा घालताच ईमेलमधला पूर्णविराम ओळीच्या उजव्या टोकाला उडी मारतोय. परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडे राहिली असेल का?

पानटपरी_वाचक
विंडोजवर असाल तर उजवी शिफ्ट आणि कंट्रोल एकत्र दाबून बघा. फोनवर काय करायचं ते मलाही हवंय.