मदत हवी आहे: ग्रेडची रेषा नेमकी दोन कामांच्या मधून जातेय

आमच्या कारखान्यात गुणांकन पद्धतीने कामांचं मूल्यमापन चालू आहे. एकूण गुण १०००: कौशल्य ४००, जबाबदारी ३००, श्रम १५०, कामाची परिस्थिती १५०. दर १०० गुणांना एक ग्रेड.

बॉयलर अटेंडंटला ३९५ गुण मिळाले, म्हणून ग्रेड ४. अकाउंट्स असिस्टंटला ४०५, म्हणून ग्रेड ५. दहा गुणांसाठी पगारपट्टाच बदलतो, हे मला पटत नाही.

मूल्यमापन करणाऱ्या दोघांनी वेगवेगळं, माणूस न बघता फक्त काम बघून पुन्हा गुण दिले. आकडे तेच आले. भारांक युनियनशी ठरलेत, ते बदलता येणार नाहीत. उष्णतेचे गुण मुद्दाम वाढवणं चुकीचं वाटतं.

या दोन कामांच्या लगेच खालचं काम ३५२ वर, लगेच वरचं ४४८ वर आहे. मग रेषा ३७५ च्या मोकळ्या जागेत सरकवावी का, आणि तसं केल्यास बाकीच्या रेषाही नव्याने आखाव्या लागतात का?