उत्तर: पडून असलेल्या कुर्त्यांबद्दल

> ६०० च्या खरेदीचे कुर्ते दोन वर्षं पडून आहेत. लॉटवाला १५० देतोय. देऊ की सरळ राइट-ऑफ करू?

लॉटवाल्यालाच द्या. राइट-ऑफ केलेत तर तोटा ६०० वर थांबत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार खरेदीवर घेतलेलं ५ टक्क्यांचं, म्हणजे ३० रुपयांचं क्रेडिटही परत करावं लागतं. कुर्त्यामागे ६३० गेले. १५० ला विकलेत तर कर १५० वरच लागतो, जुनं क्रेडिट शाबूत राहतं आणि तोटा ४५० वर अडतो. फुकट वाटलेत तरी क्रेडिट जातंच, हे बरेच दुकानदार विसरतात.

बिल मात्र खऱ्या भावाचं करा, आणि घेणारी तुमचीच दुसरी फर्म नको. तिथे मूल्यांकनाचा प्रश्न निघू शकतो. कसर लागलेला, कोणी उचलणारच नाही असा माल तेवढा राइट-ऑफला काढा.